एका जहाजाने जगातली सगळी आरमारं जुनी केली, ज्यांनी ते बांधलं त्यांचंसुद्धा

10 फेब्रुवारी 1906. इंग्लंडमधली पोर्ट्समथची गोदी. राजे सातवे एडवर्ड एका नव्या युद्धनौकेचं जलावतरण करायला आलेत. रीतीप्रमाणे जहाजाच्या नाकाडावर वाइनची बाटली फोडायची असते. राजेसाहेबांनी बाटली सोडली, ती आपटली आणि न फुटताच परत आली. दुसऱ्या फटक्याला फुटली आणि जहाज पाण्यात उतरलं.

त्याचं नाव होतं 'ड्रेडनॉट'. म्हणजे कशालाच न भिणारं.

पुढच्या आठ वर्षांत या नावाचं विशेषनामाचं सामान्यनाम झालं. आपल्याकडे जसं कुठल्याही कंपनीचं असो, फोटोकॉपीला 'झेरॉक्स'च म्हणतात, तसंच. जर्मनीने बांधलेलं जहाजही ड्रेडनॉट, जपानचं आणि ब्राझीलचंही ड्रेडनॉट. आणि आधीची सगळी जहाजं, कालपरवापर्यंत ज्यांच्या जोरावर साम्राज्यं उभी होती ती, एका रात्रीत 'प्री-ड्रेडनॉट' झाली. सरळ भाषेत, आउटडेटेड.

गंमत म्हणजे या जुन्या झालेल्या जहाजांत सगळ्यात जास्त जहाजं ब्रिटनचीच होती.

मग ब्रिटनने स्वतःच्याच पायावर हा धोंडा का पाडून घेतला? आणि त्यातून जर्मनीबरोबर अशी शर्यत कशी लागली, की दोन्ही देशांची बजेटं कोलमडली आणि एका देशाचा पंतप्रधान निवडणुकीला, तर दुसऱ्याचा चॅन्सेलर घरी गेला?

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ: गोळा पडला कुठे?

ड्रेडनॉटच्या आधीच्या युद्धनौकांवर सगळ्या मापांच्या तोफा असायच्या. पुढे दोन आणि मागे दोन अशा चार मोठ्या, 12 इंची. इथे 12 इंच म्हणजे तोफेच्या नळीचं तोंड 12 इंच रुंद. शिवाय दोन्ही बाजूंना 6 इंची तोफांची रांग. नंतरनंतर त्यात 9.2 इंचीही आल्या. विचार असा होता की मोठ्या तोफा जाड चिलखत फोडतील आणि छोट्या तोफा भराभर गोळे टाकून बाकीचं जहाज खिळखिळं करतील.

जवळून लढायचं असेल तर हे बरोबरच होतं. पण जवळून लढणं धोक्याचं होत चाललं होतं, कारण पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, दरवर्षी जास्त लांब जायला लागले होते. शत्रूच्या टॉर्पेडोच्या टप्प्याबाहेर राहायचं तर लांबूनच मारा करायला हवा. पाच-सहा किलोमीटरवरून, जमलं तर त्याहून लांबून.

इथे खरी अडचण सुरू होते. तुमचं जहाज लाटांवर डुलतंय आणि समोरचंही पळतंय. तोफेतून सुटलेला गोळा तिथे पोचायला काही सेकंद लागतात. 15 नॉटने जाणारं जहाज दहा सेकंदांत जवळजवळ 75 मीटर पुढे सरकतं. म्हणजे नेम जहाजावर धरून चालत नाही, ते जिथे असणार आहे तिथे धरावा लागतो. तेव्हा रडार नव्हतं. अंतर मोजायची यंत्रं होती, पण ती लांबच्या अंतराला शेकडो मीटरने चुकायची.

मग उपाय एकच होता. काही तोफा एकदम डागायच्या. डोलकाठीवरच्या मचाणावर एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला असतो. त्याने बघायचं की गोळे पडल्यावर पाण्याचे उंच फवारे कुठे उडाले. सगळे शत्रूच्या अलीकडे उडाले तर अंतर वाढवा, सगळे पलीकडे उडाले तर कमी करा. काही अलीकडे आणि काही पलीकडे उडाले, की समजायचं अंतर सापडलं. आता त्याच अंतरावर मारा चालू ठेवायचा.

पण जहाजावर 12 इंची आणि 9.2 इंची दोन्ही तोफा एकाच वेळी आग ओकत असतील तर? लांबून दोन्हींचे फवारे जवळपास सारखेच दिसतात. दोन्हींचं अंतराचं गणित मात्र वेगळं. मचाणावरच्या माणसाला कळतच नाही की हा फवारा कुठल्या तोफेचा. मग तो दुरुस्ती सांगणार तरी कुणाला?

यावर उत्तर सोपं होतं. सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या ठेवा. छोट्या तोफा फक्त टॉर्पेडो बोटींना हाकलण्यापुरत्या.

ही कल्पना एकट्या ब्रिटनची नव्हती. इटालियन डिझायनर व्हित्तोरियो कुनिबेर्ती यांनी 1903 मध्येच लेख लिहून अशा जहाजाचं वर्णन केलं होतं. अमेरिकेने 1905 मध्ये अशा दोन जहाजांना मंजुरी दिली. जपानने तर मे 1905 मध्ये 'सात्सुमा' नावाचं जहाज बांधायलाही घेतलं. त्यावर बारा 12 इंची तोफा बसवायच्या होत्या, पण तेवढ्या तोफा मिळाल्या नाहीत. शेवटी 12 इंची चारच बसल्या आणि बाकीच्या 10 इंची. नाहीतर आज आपण सगळ्या जहाजांना 'सात्सुमा' म्हणत असतो.

जॅकी फिशर आणि चार महिन्यांचा चमत्कार

ऑक्टोबर 1904 मध्ये ब्रिटिश नौदलाचे प्रमुख झाले ॲडमिरल जॅकी फिशर. जन्म श्रीलंकेतला, तेव्हाच्या सिलोनचा. भयंकर घाईचा माणूस. आल्याआल्या त्यांनी दीडशेच्या आसपास जुनी जहाजं सेवेतून काढली. त्यांचं म्हणणं असं, की ही जहाजं धड लढूही शकत नाहीत आणि धड पळूही शकत नाहीत, नुसते खलाशी अडकवून ठेवतात.

फिशरचा हिशेब सरळ होता. सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या असलेलं जहाज कुणीतरी बांधणारच आहे. मग ते आपणच पहिल्यांदा बांधू, आणि इतक्या वेगाने बांधू की बाकीच्यांना विचार करायलाही वेळ मिळू नये.

2 ऑक्टोबर 1905 ला कामाचा मुहूर्त झाला. चार महिन्यांत सांगाडा पाण्यात उतरला. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर 1906 मध्ये जहाज समुद्रात चाचणीला निघालं. तेव्हा एक युद्धनौका बांधायला साधारण तीन वर्षं लागायची. जगभरच्या नौदलांत खळबळ उडाली.

आता हा 'चमत्कार' कसा झाला ते नीट बघा, कारण पुढची अख्खी गोष्ट त्यावर उभी आहे.

युद्धनौकेत सगळ्यात जास्त वेळ सांगाड्याला लागत नाही. वेळ लागतो तो टरेटला. टरेट म्हणजे तोफा बसवलेला फिरता, चिलखती बुरूज. त्याच्याखाली गोळे आणि दारू वर चढवणारी यंत्रणा असते, आणि हे सगळं शेकडो टनांचं प्रकरण अगदी अचूक बनवावं लागतं. फिशरच्या लोकांनी काय केलं, तर 'लॉर्ड नेल्सन' आणि 'ॲगामेम्नॉन' या दोन जहाजांसाठी ऑर्डर दिलेले टरेट ड्रेडनॉटकडे वळवले. पोलाद आणि बाकीचं सामान मुहूर्ताच्या आधीच गोदीत जमवून ठेवलं. म्हणजे मुहूर्त ऑक्टोबरचा, पण खरं काम कितीतरी आधी सुरू झालेलं.

ज्यांचे टरेट पळवले त्या दोन जहाजांना उशीर झाला. ती 1908 मध्ये नौदलात आली. नवीकोरी, आणि आल्या दिवसापासून जुनी.

ड्रेडनॉटवर दहा 12 इंची तोफा होत्या, पाच टरेटमध्ये दोन-दोन. एका बाजूला त्यातल्या आठ एकदम डागता यायच्या. जुन्या जहाजाच्या चार. म्हणजे बाजूने लढाई झाली तर एक ड्रेडनॉट दोन जुन्या जहाजांच्या बरोबरीची. समोरच्या बाजूला ड्रेडनॉटच्या सहा तोफा वळायच्या, जुन्या जहाजाच्या दोन. तिथे एकास तीन.

दुसरी गोष्ट इंजिनाची. इतकी मोठी युद्धनौका स्टीम टर्बाइनवर चालण्याची ही पहिलीच वेळ. जुन्या इंजिनांत अवाढव्य दट्टे खालीवर व्हायचे. पूर्ण वेगाने काही तास पळवलं की काहीतरी तुटायचं किंवा तापायचं. टर्बाइनमध्ये वाफ पाती फिरवते, बस. त्यामुळे ड्रेडनॉट 21 नॉटने जाऊ शकायची, आणि मुख्य म्हणजे तेवढ्या वेगाने जात राहू शकायची. जुनी जहाजं 18-19 नॉटवर थांबायची. ज्याचा वेग जास्त तो ठरवणार की किती अंतरावरून लढायचं आणि लढायचं की नाही.

घाईत चुकाही झाल्या. गोळे कुठे पडले ते बघायचं मचाण ज्या डोलकाठीवर होतं, ती नेमकी धुराड्याच्या मागे उभी केली. जहाज निघालं की धूर आणि गरम हवा थेट मचाणावर. ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला, ते काम करणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांत धूर!

जर्मनीला वाटलं, आता शून्यापासून सुरुवात

इकडे जर्मनीत कैसर दुसरे विल्हेल्म होते. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचे नातू, राजे एडवर्ड यांचे भाचे. आजोळच्या आरमाराचं त्यांना लहानपणापासून वेड, आणि हेवाही. त्यांचे नौदलमंत्री ॲडमिरल टिर्पिट्झ यांनी 1898 आणि 1900 मध्ये कायदे करून घेतले. 1900 च्या कायद्यात 38 बॅटलशिप्सचं आरमार ठरलं.

टिर्पिट्झ यांना ब्रिटनपेक्षा मोठं आरमार नकोच होतं. त्यांचा डाव वेगळा होता. आपलं आरमार इतकं मोठं हवं, की ब्रिटनने आपल्याला हरवलं तरी त्यात त्याचंच एवढं नुकसान व्हावं की तिसऱ्या कुणापुढे तो उघडा पडेल. त्या भीतीने ब्रिटन आपल्याशी भांडणार नाही, उलट सांभाळून घेईल. याला 'रिस्क थिअरी' म्हणतात.

कागदावर छान वाटतं. अडचण एवढीच की समोरचा माणूस घाबरून नमतं घेईल असं धरलेलं. तो घाबरून आणखी जहाजं बांधेल, हा विचार त्यात नव्हता.

ड्रेडनॉट आली तेव्हा जर्मनीलाही धक्काच बसला. जवळपास वर्षभर त्यांनी एकही नवीन मोठी युद्धनौका सुरू केली नाही. आधीची डिझाइनं बाजूला ठेवावी लागली. त्यात आणखी एक लफडं होतं. बाल्टिक समुद्रातून उत्तर समुद्रात यायला जर्मनीने 1895 मध्ये कील कालवा उघडला होता. ड्रेडनॉटच्या मापाचं जहाज त्यातून जाईना. म्हणजे जहाजांच्या खर्चाबरोबर अख्खा कालवा रुंद करायचा खर्चही आला.

पण दुसरी बाजूही होती. जुन्या जहाजांत ब्रिटन जर्मनीच्या दुपटीहून पुढे होता. ती आघाडी गाठणं जर्मनीला या जन्मी शक्य नव्हतं. आता ती जहाजं मोजायचीच नाहीत असं ठरल्यावर स्कोअर काय? एक विरुद्ध शून्य. व्हिडिओ गेममध्ये वरच्या लेव्हलवरच्या खेळाडूने स्वतःच रीसेट दाबावं, तसं झालं.

जुलै 1907 मध्ये जर्मनीने पहिली ड्रेडनॉट 'नासाऊ' बांधायला घेतली. 1908 मध्ये टिर्पिट्झ यांनी कायद्यात बदल केला. जहाजाचं आयुष्य 25 वर्षांऐवजी 20 वर्षं धरायचं ठरलं. कागदावर बारीकसा बदल, पण त्यामुळे जुनी जहाजं लवकर 'निवृत्त' झाली आणि त्यांच्या जागी नवी बांधायचा वेग झाला वर्षाला चार.

हा चारचा आकडा लंडनला पोचला आणि तिथे पळापळ झाली.

1909: सहा मागितली, चारची तयारी होती, मिळाली आठ

तेव्हा ब्रिटनमध्ये लिबरल पक्षाचं सरकार होतं. ते निवडून आलं होतं गरिबांसाठी काहीतरी करू म्हणून. 1908 मध्ये त्यांनी वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला. 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला 5 शिलिंग मिळायला लागले.

आपण जरा हिशेब करू. 20 शिलिंगचा एक पौंड. आठवड्याला 5 शिलिंग म्हणजे वर्षाला 13 पौंड. ड्रेडनॉटचा खर्च आला होता सुमारे 17 लाख 80 हजार पौंड. म्हणजे एका जहाजाच्या पैशात जवळपास 1 लाख 37 हजार म्हाताऱ्यांची वर्षभराची पेन्शन. मंत्रिमंडळात भांडण होतं ते यावर.

नौदलमंत्री रेजिनाल्ड मॅकेना म्हणाले, या वर्षी सहा ड्रेडनॉट हव्यात. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि त्यांच्या बाजूने तरुण विन्स्टन चर्चिल म्हणाले, चार पुरे. होय, तेच चर्चिल. तेव्हा ते खर्च कमी करा म्हणणाऱ्या गटात होते.

मॅकेना यांच्याकडे एक भीतीदायक मुद्दा होता. जर्मनी गुपचूप वेग वाढवतोय. संसदेची मंजुरी मिळायच्या आधीच तिथे कंत्राटं दिली जातायत. क्रुप कंपनी तोफा आणि टरेट बनवायची क्षमता वाढवतेय. कदाचित टरेट आधीच बनवून साठवले जातायत आणि सांगाडे नंतर झटपट उभे राहतील.

ही युक्ती ओळखीची वाटतेय ना? पोर्ट्समथला ब्रिटनने स्वतः हेच केलं होतं. माझ्या मते 1909 च्या घबराटीचं मूळ इथे आहे. आधी सामान साठवायचं आणि मग जहाज एका वर्षात उभं करायचं, हे करता येतं हे ब्रिटिशांना पक्कं माहीत होतं, कारण ते त्यांनीच करून दाखवलं होतं. आणि हे बाहेरून ओळखणं फार अवघड. गोदीत उभा असलेला सांगाडा कुणालाही दिसतो, हेर पाठवून मोजता येतो. कारखान्याच्या भिंतीआड किती टरेट तयार होतायत ते मोजता येत नाही. मग मोजणारा माणूस क्रुपने किती नवीन यंत्रं घेतली यावरून अंदाज बांधतो, आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला जातो.

क्रुपबद्दलची बरीचशी माहिती नौदलाला देणारे होते एच. एच. मलिनर. ते कोव्हेंट्री ऑर्डनन्स वर्क्स या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. ही कंपनी काय बनवायची? नौदलाच्या तोफा आणि त्यांचे टरेट. नौदलाने ऑर्डरी वाढवल्या तर फायदा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

16 मार्च 1909 ला मॅकेना यांनी संसदेत आकडे मांडले. 1912 च्या वसंतापर्यंत जर्मनीकडे 17 ड्रेडनॉट असतील, आणि वेग वाढवला तर 21 सुद्धा. आता वर्तमानपत्रं पेटली. रस्त्यावर, सभांमध्ये एकच घोषणा. 'आम्हाला आठ हवीत, आणि आम्ही थांबणार नाही.' इंग्रजीत ती यमकात आहे, त्यामुळे आणखीच चालली. आजच्या भाषेत ट्रेंड झाली.

पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी मधला मार्ग काढला. आत्ता चार, आणि गरज पडली तर आणखी चार. जुलैमध्ये इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीही ड्रेडनॉट बांधणार असं कारण पुढे आलं आणि ती 'गरज पडली तर'वाली चारही मंजूर झाली. पुढे चर्चिल यांनीच यावर लिहिलं, की नौदलाने सहा मागितली, काटकसरवाल्यांनी चार देऊ केली, शेवटी तडजोड आठवर झाली. शिवाय न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पैशातून आणखी एकेक बॅटलक्रूझर आली. बॅटलक्रूझर म्हणजे तोफा ड्रेडनॉटसारख्याच, पण वेगासाठी चिलखत पातळ केलेलं जहाज. त्यातलं 'न्यूझीलंड' नावाचं जहाज 1919 मध्ये ॲडमिरल जेलिको यांना घेऊन मुंबईलाही येऊन गेलं.

आता खरं काय होतं ते बघू. टिर्पिट्झ यांनी दोन जहाजांची कंत्राटं खरंच आधी दिली होती. त्यांचं म्हणणं, गोदीवाल्यांनी संगनमत करून भाव वाढवू नयेत म्हणून. पण ठरलेल्यापेक्षा जास्त जहाजं ते बांधत नव्हते. मार्च 1912 उजाडला तेव्हा जर्मनीच्या सेवेत किती ड्रेडनॉट होत्या? सात बॅटलशिप आणि दोन बॅटलक्रूझर. एकूण 9.

17 नाही, 21 तर नाहीच नाही.

बिल कोण भरणार?

जहाजं मंजूर झाली, पेन्शनही चालू. तिजोरीत सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांचा खड्डा. लॉइड जॉर्ज यांनी एप्रिल 1909 मध्ये बजेट आणलं, 'पीपल्स बजेट' म्हणून ते ओळखलं जातं. त्यात श्रीमंतांवर जादा आयकर आणि जमीनदारांवर नवे कर.

वरच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचे तेच जमीनदार. आठ जहाजं हवीत म्हणून आवाज करणाऱ्यांत त्यांचा पक्ष पुढे होता, पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी बजेट फेटाळलं. लॉइड जॉर्ज यांनी एका भाषणात टोमणा मारला, की एका ड्यूकला पोसायला दोन ड्रेडनॉट्सएवढा खर्च येतो, भीतीही तेवढीच वाटते आणि टिकतोही जास्त! 1910 मध्ये दोनदा निवडणुका झाल्या आणि 1911 मध्ये कायदा करून लॉर्ड्सचा पैशाच्या विधेयकांवरचा नकाराधिकारच काढून घेतला गेला.

जर्मनीत याच वर्षी जवळपास हेच नाट्य उलटं घडलं. तिथल्या केंद्र सरकारला थेट कर लावायची ताकद फार कमी होती. पैसा यायचा जकातीतून, बिअर-तंबाखूवरच्या करातून आणि कर्जातून. चॅन्सेलर ब्युलो यांनी श्रीमंतांच्या वारशावर कर लावून बघितला. संसदेतल्या जमीनदारांच्या पक्षाने साथ सोडली, प्रस्ताव पडला आणि जुलै 1909 मध्ये ब्युलो घरी गेले.

शर्यत कोण जिंकणार हे मला वाटतं इथेच ठरलं. ब्रिटनने भांडून का होईना, श्रीमंतांकडून कर घ्यायची सोय केली. जर्मनीला ते जमलं नाही. शिवाय जर्मनीला जमिनीवर फ्रान्स आणि रशिया दोघांना तोंड द्यायला मोठं सैन्य पोसावं लागत होतं. ब्रिटनला नाही.

पुढे काय झालं?

जहाजं वाढतच गेली, आकारानेही. त्या आठपैकी 'ओरायन' या जहाजावर 13.5 इंची तोफा आल्या, लोक त्याला 'सुपर-ड्रेडनॉट' म्हणायला लागले. पाच वर्षांत खुद्द ड्रेडनॉट जुनी झाली. साथ दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली. ब्राझीलने ब्रिटनमध्ये ड्रेडनॉट बांधून घेतल्या म्हणून अर्जेंटिना आणि चिलीनेही मागवल्या.

फेब्रुवारी 1912 मध्ये ब्रिटनचे मंत्री हॉल्डेन बर्लिनला गेले, शर्यत थांबवायला काही मार्ग निघतो का बघायला. जर्मनीची अट होती, युरोपात युद्ध झालं तर ब्रिटनने तटस्थ राहायचं वचन द्यावं. ब्रिटन फ्रान्सला असं वाऱ्यावर सोडायला तयार नव्हता. बोलणी फिसकटली.

आता चर्चिल नौदलमंत्री झाले होते. एकेकाळचे काटकसरवाले चर्चिल आता जाहीर सांगत होते, की ड्रेडनॉट्समध्ये जर्मनीपेक्षा 60 टक्के जास्त ताकद ठेवणार. त्यासाठी त्यांनी भूमध्य समुद्रातल्या बॅटलशिप्स घराजवळ बोलावल्या. फ्रान्सने आपलं आरमार भूमध्य समुद्रात नेलं, म्हणजे फ्रान्सचा उत्तरेकडचा किनारा आता ब्रिटनच्या भरवशावर. लेखी करार नव्हता, पण युद्ध झालं तर ब्रिटनला बाजूला उभं राहणं अवघड होऊन बसलं. टिर्पिट्झ यांना ब्रिटन तटस्थ हवा होता. त्यांच्याच जहाजांनी त्याला फ्रान्सच्या कुशीत ढकललं.

आणि मग जर्मनीने पाय मागे घेतला. 1913 मध्ये पैसा लष्कराकडे वळला आणि टिर्पिट्झ यांनी 16 ला 10 हे प्रमाण चालेल असं सांगून टाकलं. म्हणून 'ड्रेडनॉटच्या शर्यतीमुळे पहिलं महायुद्ध झालं' हे वाक्य फॉरवर्ड करण्याआधी थांबा. शर्यत युद्धाच्या आधीच थंडावली होती. युद्धात कोण कुणाच्या बाजूने उतरणार, हे ठरवण्याचं काम तिने तोवर करून ठेवलं होतं.

24 जून 1914 ला रुंद केलेला कील कालवा कैसरच्या हस्ते उघडला. त्या आठवड्यात तिथे पाहुणे म्हणून कोण आलं होतं? चार ब्रिटिश ड्रेडनॉट्स. जर्मन आणि ब्रिटिश अधिकारी एकमेकांच्या जहाजांवर जेवत होते. 28 जूनला कैसर तिथेच शिडाच्या बोटींच्या शर्यतीत होते. एक लाँच जवळ आली आणि त्यातून चिठ्ठी फेकली गेली. सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला होता.

ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा बॅटलशिप आणि बॅटलक्रूझर मिळून ब्रिटनकडे 29 ड्रेडनॉट होत्या, जर्मनीकडे 17. तुर्कस्तानसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेल्या दोन चर्चिल यांनी जप्त केल्या त्या वेगळ्याच. त्यातल्या पैशात तुर्की जनतेची वर्गणीही होती. त्या संतापात तुर्कस्तान जर्मनीच्या आणखी जवळ गेला.

एवढी जहाजं समोरासमोर आली ती पूर्ण ताकदीने एकदाच, 31 मे 1916 ला, जटलंडच्या लढाईत. ब्रिटनचं नुकसान जास्त झालं, पण जर्मन आरमार परत बंदरात गेलं आणि समुद्र ब्रिटनकडेच राहिला.

खुद्द ड्रेडनॉट त्या लढाईत नव्हती. ती डागडुजीसाठी गोदीत होती. तिच्या खात्यावर अख्ख्या युद्धात एकच शिकार आहे. 18 मार्च 1915 ला तिने जर्मन पाणबुडी यू-29 बुडवली. तोफा डागून नव्हे, सरळ अंगावर जाऊन, धडक देऊन. ज्या दहा तोफांमुळे जगाने आपली आरमारं बदलली, त्या शत्रूच्या एकाही युद्धनौकेवर कधी डागल्या गेल्या नाहीत. 1921 मध्ये ती भंगारात गेली, 44 हजार पौंडांना.